मकरपुऱ्याचा लॅपटॉप: पुरावा ताब्यात घेतल्याच्या नोंदी

20 ऑगस्ट 2025, बुधवार

दुपारी वकीलसाहेबांचा फोन. वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणारी एक कंपनी आहे, मालक मराठी, वडलांच्या वेळेपासूनचा धंदा. डिझाइनमधला एक जण नोटीस पूर्ण करून 14 तारखेला गेला. काल एका डीलरने मालकांना दुसऱ्याच कंपनीचं कोटेशन दाखवलं. सोबतच्या ड्रॉइंगमध्ये यांच्याच ड्रॉइंगमधली स्पेलिंगची चूक जशीच्या तशी होती.

फोनवरच तीन गोष्टी सांगितल्या. लॅपटॉप सुरू असेल तर तसाच राहू द्या आणि बंद असेल तर बंदच ठेवा. त्याचं कंपनीचं खातं डिलीट करू नका, फक्त साइन-इन बंद करा, कारण मायक्रोसॉफ्टकडे डिलीट केलेलं खातं 30 दिवसच परत आणता येतं. आणि सर्व्हरला कोणी रीस्टार्ट करू नका. एचआरच्या बेन म्हणाल्या, खातं आज संध्याकाळीच उडवणार होते, लायसन्स नव्या मुलाला द्यायचं होतं. लॅपटॉपही त्यालाच जाणार होता.

चारच्या सुमारास पोचलो. सगळ्यांना लॅपटॉप बघायची घाई, मी आधी सर्व्हर रूममध्ये गेलो. डिस्क कपाटात पडून राहिली तर तिचं फारसं बिघडत नाही, लॉग मात्र आपणहून पुसला जात असतो. विंडोज सर्व्हरचा सिक्युरिटी लॉग ठरलेल्या आकारापर्यंत वाढतो आणि मग सगळ्यात जुनी नोंद टाकून नवी लिहितो. मूळ आकार जेमतेम 20 एमबी असतो, गजबजलेल्या सर्व्हरवर तो काही तासांत फिरतो. इथल्या आयटीवाल्या भाईंनी तो 1 जीबी करून ठेवला होता, आणि शेअर फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलच्या वापराची नोंदही चालू होती. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गाळ्यात रॅन्समवेअर आलं तेव्हा घाबरून केलेलं काम. आज तेच कामाला आलं.

लॉगमधली सगळ्यात जुनी नोंद 11 ऑगस्टची. म्हणजे आणखी दोन-तीन कामाचे दिवस गेले असते तर शेवटच्या आठवड्यातलं काहीच हाती लागलं नसतं. 15 ऑगस्ट, जन्माष्टमी आणि रविवार अशी सलग सुट्टी आली, सर्व्हरवर काम कमी झालं, म्हणून लॉग इतका तरी टिकला.

भाईंच्या लॉगिनने, त्यांच्याच हाताने, मी शेजारी उभा राहून:

```
wevtutil epl Security E:\L-01\Security.evtx
certutil -hashfile E:\L-01\Security.evtx SHA256
```

`E:` म्हणजे आमची रिकामी करून आणलेली डिस्क. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, मजकूर जरा बदलला की तोही बदलतो. हॅशचा आकडा पडद्यावर आला, त्याचा फोटो घेतला, मजकूर फाइलमध्ये साठवला, छापून त्यावर भाईंची आणि माझी सही. 64 अक्षरांचा आकडा हाताने उतरवायच्या फंदात पडत नाही. एक अक्षर चुकलं की उलटतपासणीत तेवढंच धरून बसतात. शिवाय लॉग भरल्यावर जुनं पुसण्याऐवजी वेगळ्या फाइलमध्ये बाजूला ठेवण्याची सेटिंग चालू केली. हा आपण सर्व्हरमध्ये केलेला बदल आहे, त्यामुळे वेळेसकट नोंदवला.

फायरवॉलचा लॉगही उतरवला. त्यात 90 दिवसांचंच आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे 180 दिवसांचे लॉग ठेवायला हवेत. भाईंना सांगितलं, ऐकून गप्प बसले. आपलं काम आज ते नाही.

मग लॅपटॉप. लोखंडी कपाटातून काढून टेबलावर ठेवलेला, बंद. झाकण, खालची बाजू, सिरीयल नंबर, चार्जर, एका कोपऱ्यातला तडा, सगळ्याचे फोटो. छेडछाड झाली तर दिसेल अशा पिशवीत घालून बंद केला, पिशवीचा छापील नंबर कस्टडी फॉर्मवर, जोडावर आडव्या सह्या. वस्तू क्रमांक V-01. सर्व्हरचा लॉग L-01, फायरवॉलचा L-02.

फॉर्म भरताना पहिल्याच ओळीला अडलो. "कोणाकडून मिळाला" या रकान्यात एचआरच्या बेन नाव लिहायला तयार, पण 14 तारखेपासून आजपर्यंत तो कुठे होता? कपाटात. किल्ली कोणाकडे? त्यांच्याकडे आणि भाईंकडे. कोणी उघडला का? थोडा वेळ शांतता. मग भाई म्हणाले, सोमवारी 18 तारखेला उघडला होता, "बस, दस मिनिट, काय राहिलंय ते बघायला."

असं बहुतेक प्रकरणांत झालेलं असतं. रागावून उपयोग नाही, कारण रागावलं की पुढची गोष्ट माणूस सांगत नाही. भाईंना म्हटलं, जे केलं ते तुमच्या शब्दांत लिहून द्या, कोणत्या खात्याने लॉगिन केलं, काय उघडलं, काही जोडलं का. फॉर्मची पहिली ओळ मी आजपासून सुरू केली नाही. 14 तारखेला संध्याकाळी साडेपाचला एचआरच्या रजिस्टरमध्ये परत घेतल्याची सही आहे, तिथून सुरू केली, आणि 14 ते 20 या काळासमोर लिहिलं: "बंद कपाट, सील नाही, किल्ल्या दोघांकडे, 18 तारखेला एकदा सुरू केल्याचे सांगितले, निवेदन जोडले आहे." ताब्याच्या साखळीत खंड असेल तर तो लपवून साखळी अखंड होत नाही. उलट समोरच्या वकिलाच्या हाती तयार हत्यार जातं.

21 ऑगस्ट, गुरुवार

दांडिया बाजारच्या ऑफिसात, कंपनीकडून एचआरच्या बेन हजर. पिशवीचा नंबर त्यांना मोठ्याने वाचायला सांगितला, मग कापली. कापलेली पिशवी फेकायची नाही, ती त्याच वस्तूच्या लिफाफ्यात जाते.

आतली एसएसडी 512 जीबीची, एनव्हीएमई. काढून तिच्या लेबलचा फोटो, मग राइट-ब्लॉकरला लावली. राइट-ब्लॉकर संगणकाकडून डिस्ककडे जाणारा लिहिण्याचा हुकूम अडवतो. एसएसडीच्या स्वतःच्या कंट्रोलरला मात्र तो अडवू शकत नाही. वीज मिळाली की कंट्रोलर आतली साफसफाई आपल्या मर्जीने करतो. म्हणून जोडल्यावर चहा प्यायला जायचं नाही, लगेच प्रत काढायला घ्यायची.

```
ewfacquire -c fast -d sha256 -C MKP-2025-08 -E V-01 -t /mnt/purava/V-01 /dev/sdb
ewfverify -d sha256 /mnt/purava/V-01.E01
```

आवाराच्या बाहेर पाऊस, आत आमची ज्युनियर सेक्टरांचा आकडा वाचून दाखवत होती: 1,000,215,216. गुणिले 512, म्हणजे 512,110,190,592 बाइट. डिस्कने सांगितलेला आकडा आणि प्रतीतला आकडा सारखा. वाचताना एकही सेक्टर अडला नाही. पडताळणीतही हॅश तोच आला. प्रत आकाराने जवळजवळ डिस्कएवढीच झाली, दाबली गेलीच नाही. यावरूनच कळलं की बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन, चालू आहे, कारण कुलूपबंद डेटा दाबून लहान होत नाही.

एसएसडी नव्या पिशवीत, नवा नंबर, तिजोरीत. लॅपटॉपचा सांगाडा वेगळ्या पिशवीत घालण्याआधी एक काम उरकलं. डिस्क नसलेला लॅपटॉप सुरू करून थेट बायोसमध्ये गेलो आणि तिथल्या घड्याळाचा फोटो प्रमाणवेळेशेजारी घेतला. फरक 3 सेकंद. डिस्क आत असताना हेच करायला गेलं आणि चुकून विंडोज सुरू झालं तर पुराव्यावर नवी धूळ बसते.

बिटलॉकरची 48 अंकी रिकव्हरी की कंपनीच्या अॅडमिन खात्यात सापडली. भाईंनीच काढून दिली. पडद्यावरचा की आयडी आणि डिस्कवरचा की आयडी जुळवून घेतला. की वेगळ्या लिफाफ्यात, प्रतीच्या डिस्कसोबत नाही.

22 ऑगस्ट, शुक्रवार

आज फक्त घड्याळं आणि तो सहा दिवसांचा खंड.

सर्व्हरचं घड्याळ:

```
w32tm /stripchart /computer:time.nplindia.org /samples:3 /dataonly
```

फरक 2 सेकंदांच्या आत. फायरवॉलचं मात्र 6 मिनिटं 40 सेकंद पुढे, वेळ कुठूनच जुळवलेली नव्हती. फायरवॉल दुरुस्त करायला भाईंचा हात शिवशिवत होता. थांबवलं. आधी फरकाचा फोटो, नोंद, आणि मगच दुरुस्ती. फरक न नोंदवता घड्याळ सरळ केलं असतं तर जुन्या नोंदी किती मिनिटांनी वाकड्या आहेत ते कायमचं गेलं असतं.

दुसरा सापळा साडेपाच तासांचा. विंडोजचा इव्हेंट लॉग आत वेळ यूटीसीत, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, ठेवतो आणि बघणाऱ्या संगणकाच्या टाइम झोनमध्ये दाखवतो. `setupapi.dev.log` मध्ये मात्र थेट स्थानिक वेळ लिहिलेली असते. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड ऑडिटमध्ये यूटीसी. तीन ठिकाणच्या वेळा एका तक्त्यात तशाच उतरवल्या तर संध्याकाळी साडेसातची गोष्ट दुपारी दोनला झालेली दिसते, आणि मग त्या वेळी तो माणूस कॅन्टीनमध्ये होता असा साक्षीदार सापडतो. आमच्या तक्त्यात प्रत्येक ओळीला दोन रकाने आहेत: जशी मिळाली ती वेळ, आणि भारतीय वेळ. फरक लावला असेल तर किती, तेही.

आता खंड. भाईंचं निवेदन म्हणतं एकदा, दहा मिनिटं. लॅपटॉपचा सिस्टिम लॉग उघडला तर 15 आणि 16 तारखेलाही नोंदी. सुट्टीचे दिवस, कंपनीला कुलूप. ज्युनियर म्हणाली, "सर, कुणीतरी उघडलाय." मलाही क्षणभर तेच वाटलं.

नोंदी नीट वाचल्या. क्रमांक 506 आणि 507 एकाआड एक, स्रोत Kernel-Power. म्हणजे लॅपटॉप मॉडर्न स्टँडबाय या हलक्या झोपेत जातो आहे आणि बाहेर येतो आहे. 14 तारखेला त्या माणसाने लॅपटॉप बंद केलाच नव्हता, नुसतं झाकण मिटून दिलं. कपाटात तो अधूनमधून स्वतः जागा होत राहिला, आणि 16 च्या पहाटे बॅटरी उतरली तेव्हा हायबरनेट झाला. या काळात कीबोर्डवरून लॉगिन झाल्याची एकही 4624 नोंद नाही. 18 तारखेला सकाळी 11:07 ला Kernel-Boot ची 27 क्रमांकाची नोंद आहे, त्यात बूट टाइप `0x2`. याचा अर्थ हायबरनेशनमधून उठला. त्यापाठोपाठ लोकल अॅडमिनचं लॉगिन, आणि 11:52 ला शटडाउन.

तेव्हा दहा मिनिटं नव्हे, पंचेचाळीस. आणि त्या पंचेचाळीस मिनिटांत विंडोजचं अपडेटही चालून गेलं. भाईंना फोन केला. म्हणाले, मध्ये फोन आला होता, लॅपटॉप उघडाच राहिला. निवेदनात खाडाखोड नको म्हटलं, पुरवणी निवेदन द्या, दोन्ही राहतील.

अपडेटची किंमत कुठे मोजावी लागली तेही आजच दिसलं. एनटीएफएस ड्राइव्हवर फाइल बनली, बदलली, पुसली की त्याची एक छोटी नोंद `$UsnJrnl` या जर्नलमध्ये होते. त्याचा आकार साधारण 32 एमबी आणि तोही गोल फिरतो. अपडेटने हजारो फाइली हलवल्या, जुन्या नोंदी ढकलल्या गेल्या. जर्नल आता 14 तारखेच्या रात्रीपासून सुरू होतं. 13 आणि 14 च्या दिवसा `C:` वर काय बनलं, काय पुसलं, ते जर्नल सांगू शकत नाही. पुसलेल्या फाइली परत आणायचा मार्गही बंदच आहे. विंडोज फाइल पुसताना एसएसडीला ट्रिमचा हुकूम देतं, आणि ती जागा पुढे वाचली तर बहुतेक वेळा शून्य मिळतात. कुलूपबंद प्रतीत गोंगाटासारख्या डेटामध्ये शून्यांचे लांब पट्टे दिसतात ते असेच. पट्टा आहे म्हणजे तिथे काही होतं आणि गेलं, की कधी काही लिहिलंच नव्हतं, हे त्यावरून ठरवता येत नाही. अहवालात त्याचा उल्लेख एका वाक्यापलीकडे करणार नाही.

23 ऑगस्ट, शनिवार

मालक स्वतः आले. खुर्चीवर बसायच्या आत, "अहो, आता सांगा सरळ, नेलंय की नाही?"

म्हटलं, काका, बसा. काय दिसतंय ते दाखवतो, काय म्हणता येईल ते नंतर.

13 ऑगस्ट, बुधवार. `setupapi.dev.log` मध्ये 19:04 ला एक पेनड्राइव्ह या लॅपटॉपला पहिल्यांदा जोडल्याची नोंद. रजिस्ट्रीत `USBSTOR` खाली त्याचा सिरीयल नंबर. या नंबरात दुसरं अक्षर `&` असेल तर तो विंडोजने स्वतः लावलेला असतो, पेनड्राइव्हचा नसतो, आणि त्यावरून विशिष्ट पेनड्राइव्ह ओळखता येत नाही. इथे तसं नाही, नंबर खराखुरा आहे. स्टोअरच्या रजिस्टरमध्ये कंपनीने वाटलेल्या पेनड्राइव्हची यादी आहे, आयटीकडे त्यांचे नंबरही आहेत. त्यांत हा नाही.

19:12 ते 19:41 सर्व्हरवर 5145 क्रमांकाच्या नोंदींचा लोंढा. त्याचं खातं, या लॅपटॉपचा आयपी, ड्रॉइंगचा शेअर, 1,184 वेगवेगळ्या फाइली, सगळ्या मिळून 6.3 जीबी. 19:52 ला पेनड्राइव्ह काढल्याची वेळ रजिस्ट्रीत.

काका खूश. इथेच थांबलो असतो तर वकीलसाहेबही खूश झाले असते, पण एक अडचण आहे. 5145 म्हणजे "ही फाइल वाचायची परवानगी मागितली आणि मिळाली". फाइल पुढे कुठे गेली ते त्यात नसतं. आणि डिझाइनवाल्याच्या संगणकावर अशा नोंदींचा लोंढा रोजच येतो. सॉलिडवर्क्समध्ये एक असेंब्ली उघडली की तिला जोडलेला प्रत्येक पार्ट, प्रत्येक बोल्ट-नटाची फाइल सर्व्हरवरून वाचली जाते. समोरचा वकील म्हणेल, शेवटच्या दिवसांत काम हातावेगळं करत होता, असेंब्ली उघडल्या, झालं. आणि तो खोटं बोलत असेल असंही नाही.

म्हणून आज प्रयोग केला. कंपनीच्याच एका दुसऱ्या संगणकावर, चाचणीच्या खात्याने, त्यांच्याकडची सगळ्यात मोठी गेट व्हॉल्व्हची असेंब्ली उघडली आणि सर्व्हरचा लॉग बघितला. 312 फाइली, सगळ्या 20 सेकंदांच्या आत. क्रम असेंब्लीच्या रचनेप्रमाणे, एका फोल्डरातून दुसऱ्यात उड्या मारत. सगळे पार्ट आणि सब-असेंब्ली, दुसरं काही नाही.

मग एक फोल्डर एक्सप्लोररमधून साध्या पेनड्राइव्हवर कॉपी केला. हा लॉग अगदी वेगळा दिसतो. फाइली नावाच्या क्रमाने एकामागून एक येतात, फोल्डर संपला की पुढचा फोल्डर, आणि वाटेत जे असेल ते सगळं: पीडीएफ, जुन्या बॅकअप फाइली, कोणीतरी टाकून ठेवलेला पिकनिकचा फोटोसुद्धा.

13 तारखेचा लॉग दुसऱ्या प्रकारचा आहे. नावाच्या क्रमाने चालतो, असेंब्लीला काडीचा संबंध नसलेली दरपत्रकाची एक्सेल त्यात आहे, आणि वेगही बोलतो. 6.3 जीबीला 29 मिनिटं, म्हणजे सेकंदाला साधारण 3.6 एमबी. नेटवर्क याच्या कितीतरी पट वेगाने देऊ शकतं, छोट्या छोट्या फाइली स्वस्तातल्या पेनड्राइव्हवर लिहिताना असाच वेग पडतो. वेग हा आधार आहे, पुरावा म्हणून एकटा उभा राहणार नाही. अहवालात तसंच लिहिलं.

25 ऑगस्ट, सोमवार

शनिवारी हाती नव्हता तो धागा आज मिळाला. विंडोज पेनड्राइव्हवर फाइल कॉपी झाल्याची नोंद आपणहून ठेवत नाही, हे ऐकून लोकांना धक्का बसतो. पण कॉपी करणारा माणूस बहुतेक वेळा एखादी फाइल उघडून बघतो, आली की नाही. उघडली की विंडोज एक `.lnk` शॉर्टकट बनवतं आणि त्यात त्या वेळचं बरंच काही टिपून ठेवतं.

इथे तीन शॉर्टकट आहेत, तिन्ही `E:` वरच्या फाइलींचे. एक दरपत्रकाचा. त्यात ड्राइव्ह काढता येण्याजोगा आहे हे, त्याचा व्हॉल्यूम सिरीयल नंबर, फाइलचा आकार, आणि दोन वेळा: फाइल बदलल्याची मार्च 2024 ची, बनल्याची 13 ऑगस्ट 2025, 19:33. बनण्याआधी दीड वर्ष बदललेली फाइल, हे वाचून काका म्हणाले, "हे कसलं गणित?" गणित कॉपीचं आहे. कॉपी करताना मजकुराची जुनी तारीख सोबत जाते आणि बनल्याची वेळ नव्या जागी नव्याने लागते. आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये दरपत्रकाची नोंद कधीची? 19:33. फाइल उघडली 19:44 ला, लोंढा संपल्यावर तीन मिनिटांनी.

दोन ठिकाणचे कागद, दोन वेगवेगळ्या यंत्रांनी लिहिलेले, एकाच मिनिटावर येऊन मिळतात. घड्याळांच्या फरकावर शुक्रवार घालवला तो यासाठीच.

तरीही काय लिहायचं याची रेघ आखून घेतली. "तीन फाइली त्या पेनड्राइव्हवर होत्या", हे ठामपणे. "1,184 फाइली त्याच खात्याने त्याच वेळात, कॉपी करताना दिसतो तशा क्रमाने वाचल्या", हेही ठामपणे. "1,184 फाइली पेनड्राइव्हवर गेल्या", हे अनुमान म्हणून, कारणांसकट. "त्या माणसाने केलं", हे मी लिहिणारच नाही. त्याचं खातं, त्याचा लॅपटॉप, हजेरीच्या यंत्रावर त्याचं बाहेर पडणं 20:05 ला. खुर्चीवर कोण होतं ते डिस्क सांगत नाही.

फायरवॉलनेही थोडं सांगितलं. फरक वजा करून 13 च्या संध्याकाळी या लॅपटॉपवरून इंटरनेटवर 40 एमबीच्या आसपास गेलं. म्हणजे 6.3 जीबी ऑफिसच्या नेटवरून तेव्हा बाहेर गेलेलं नाही. लॅपटॉप आणि सर्व्हरमधली वाहतूक फायरवॉलमधून जातच नाही, आणि रात्री लॅपटॉप घरी गेल्यावर तिथल्या वायफायवर काय झालं ते याला माहीत असण्याचा प्रश्नच नाही.

एक प्रश्न मालकांना विचारावा लागला. जॉब वर्कवाल्यांना ड्रॉइंग पेनड्राइव्हवर देता का? जीआयडीसीत हे सर्रास चालतं, आणि तसं असेल तर सगळा डोलारा कोसळतो. काका म्हणाले, पूर्वी द्यायचो, आता पीडीएफ मेलने जाते, मूळ फाइल कुणालाच नाही. डिझाइनच्या हेडकडून हे लेखी घेतलं. दरपत्रक तर कधीच कुणाला नाही.

29 ऑगस्ट, शुक्रवार

गणपती बसल्यामुळे कंपनी अर्धी रिकामी. वकीलसाहेबांकडे प्रमाणपत्रांचा खल.

भारतीय साक्ष्य अधिनियम 1 जुलै 2024 पासून लागू झाला, तेव्हापासून जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम 65-बी ची जागा कलम 63 ने घेतली. प्रमाणपत्राला आता दोन भाग आहेत. भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला हे फॉर्ममध्येच विचारलं आहे. नंतर आणून देऊ असं मनात धरून चालत नाही. 2020 मध्ये अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कलमाखालीसुद्धा प्रमाणपत्र अनिवार्यच धरलं होतं.

सर्व्हरच्या लॉगसाठी वेगळं, फायरवॉलसाठी वेगळं, डिस्कच्या प्रतीसाठी वेगळं. भाग अ वर भाईंची सही लागते म्हटल्यावर ते बिचकले. 18 तारखेमुळे आपल्यालाच गोवतील अशी भीती. वकीलसाहेबांनी त्यांना ओळ न् ओळ वाचून दाखवली: हे यंत्र नेहमीच्या कामात वापरात होतं, नीट चालत होतं, नोंद त्यातूनच काढली. यात 18 तारीख कुठे नाही, ती निवेदनात आहे आणि तिथेच राहील. अर्धा तास विचार करून त्यांनी सही केली.

भाग ब मी भरला. हॅश 20 आणि 21 तारखेचे, नवे काढलेले नाहीत. आज पुन्हा पडताळून तेच आले, एवढं अहवालात.

9 सप्टेंबर, मंगळवार

विसर्जनाचा बंदोबस्त संपल्यावर पोलिसांना वेळ मिळाला. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास इन्स्पेक्टर किंवा त्यावरचा अधिकारीच करू शकतो, त्यामुळे साहेब स्वतः आले, सोबत दोन पंच आणि मोबाइलवर चित्रीकरण करणारा हवालदार. जप्तीचं चित्रीकरण आता बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे करावंच लागतं.

मूळ एसएसडी आणि लॅपटॉपचा सांगाडा त्यांच्याकडे दिला. साहेबांना एसएसडीचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता, म्हणजे पिशवी कापणं आलं. कॅमेरा चालू असताना पंचांनी आधी पिशवीचा नंबर फॉर्मशी जुळवला, मग कापली, नंबर वाचला, पोलिसांच्या पाकिटात घालून लाखेचं सील. माझी कापलेली पिशवीही त्याच पाकिटात घालायला सांगितली. हवालदार म्हणाला, "कचरा कशाला?" साहेबांनीच त्याला समजावलं.

रिकव्हरी कीचा लिफाफा वेगळ्या पावतीवर. लॉगच्या डिस्कची एक प्रत त्यांना, हॅश पंचनाम्यात अहवालावरून जसाच्या तसा. एक प्रत आमच्या तिजोरीत, एक वकीलसाहेबांकडे. पेनड्राइव्ह अजून कुणाच्याच हाती नाही. त्याचा सिरीयल नंबर आणि व्हॉल्यूम नंबर वेगळ्या कागदावर साहेबांना दिला. दोन्ही नंबर वेगवेगळे असतात, आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट केला तर व्हॉल्यूमचा बदलतो, सिरीयलचा राहतो, हे त्याच कागदावर खाली लिहून दिलं.

कस्टडी फॉर्म, V-01, शेवटची ओळ: 12:40, दिला, तपास अधिकारी, पंचनाम्यासह, माझ्या पिशवीचं सील पंचांसमोर कापलं, नवं सील पोलिसांचं. सही घेतली, फोटो काढला, फॉर्मची झेरॉक्स त्यांच्या फाइलला, मूळ माझ्या.